आमची वाटचाल : गणपतीची यादी आणि अण्णांचं म्हणणं

आमचं किराणा दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत आहे. आजोबांनी ते सुरू केलं, अण्णांनी वाढवलं आणि गेली दहाबारा वर्षं मी त्यांच्या शेजारी गल्ल्यावर बसतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हा माळ्यावरची चार पोती सोडली तर आमचं काहीच वाचलं नाही. उधारीच्या वह्यांचा लगदा झाला. चिखल उपसून, फळ्या बदलून आम्ही गणपतीच्या आधी कसंबसं दुकान उघडलं. त्या वर्षी गिऱ्हाईक कमी आलं, ते पुरामुळे, असंच आम्ही धरून चाललो होतो.

पुढच्या मे महिन्यात एक बाई दुकानात आल्या. माहेर जवळच्याच गावात, राहायला डोंबिवलीला. त्यांच्या वडिलांपासून गणपतीचा बाजार आमच्याकडे. आत येताच म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही चालू आहात? मोबाइलच्या नकाशावर तर ‘कायमचे बंद’ दाखवतंय. गेल्या वर्षी आम्ही सगळं सामान तिकडूनच बांधून आणलं.”

पुरानंतर कुणीतरी तशी नोंद केली असणार. आम्ही आमचंच दुकान कधी शोधत नव्हतो, म्हणून दहा महिने आम्हाला पत्ता नाही. रात्री शटर ओढल्यावर मी विषय काढला.

“अण्णा, आपल्याला वेबसाइट करायला हवी.”

“नकाशावरचं दुरुस्त कर. वेबसाइट कशाला? दुकान सगळ्यांना माहीत आहे.”

“नकाशा आजच दुरुस्त करतो. पण त्यावर रस्ता कळेल, वेळ कळेल. आपल्याकडे मोदकाची पिठी मिळते, पाच दिवसांचा बाजार आपण बांधून ठेवतो, हे कुठे कळणार?”

“फोन करतात की. व्हॉट्सअ‍ॅप आहे.”

“ज्यांच्याकडे आपला नंबर आहे ते करतात. त्या बाईंच्या मुलाकडे नाही. आजोबा गेले, नंबर त्यांच्या डायरीत राहिला. पोरगा मोबाइलवर शोधणार आणि जे दिसेल तिथून घेणार.”

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. ती मला आजही बरोबर वाटते. “अरे, अठराशे वस्तू आहेत दुकानात. नारळाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. तू रोज किती बदलणार? जुना भाव बघून माणूस आला तर त्याला काय सांगणार?”

“अठराशे नाही टाकायच्या. फक्त गणपतीची यादी टाकू. बाहेरगावचं गिऱ्हाईक त्याच्यासाठीच शोधतं.”

“आणि पैसे?”

“पैसे इथेच, माल घेताना. साइटवर काही भरायचं नाही.”

“मग त्यात लिहिणार काय?”

“तुम्ही फोनवर जे सांगता ते.”

इथे अण्णा ऐकायला लागले. श्रावण लागला की त्यांचा फोन थांबत नाही आणि प्रश्न तेच असतात. एकवीस मोदकांना पिठी किती? पंचखाद्यात काय काय येतं? दहा माणसांच्या उसळीला काळे वाटाणे किती? मी वही घेतली आणि ते सांगत गेले. एकवीस मोदकांना पाव किलोहून थोडी जास्त पिठी, म्हणून अर्धा किलो घ्यावी, उकड बिघडली तर हाताशी असते. पंचखाद्याला खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर आणि किसमिस. दहा माणसांना काळे वाटाणे पाऊण किलो, आणि गौरीच्या दिवशी पाहुणे असतील तर एक किलो. दीड दिवसाचा, पाच दिवसांचा आणि अनंत चतुर्दशीपर्यंतचा, असे तीन बाजार त्यांनी माणसं धरून लिहून दिले. त्या चार पानांचीच आमची वेबसाइट झाली.

मालाची निवड साधी ठेवली. गिऱ्हाईक यादीतल्या वस्तूंवर खूण करतं, माणसं आणि गावी पोचायची तारीख लिहितं आणि खालचं बटण दाबतं. बटणामागे एवढंच आहे :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=...
```

फुल्यांच्या जागी दुकानाचा दहा आकडी नंबर आणि `text=` च्या पुढे निवडलेली यादी. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आमच्या नावाचं व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, यादी आधीच लिहिलेली असते, त्याने फक्त पाठवायची. पहिल्या दिवशी मी नंबरापुढे अधिकचं चिन्ह आणि शून्य घातलं होतं आणि एकही यादी येईना. देशाचा आकडा ९१ आणि लगेच नंबर, मध्ये काही नको. दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून एकदा स्वतः यादी पाठवून बघितल्याशिवाय ही चूक कळत नाही, कारण पान तर व्यवस्थित दिसत असतं.

भावाचं अण्णा म्हणाले तसंच झालं. २०२२ साली गणपती ३१ ऑगस्टला बसले. मी गुळाचा भाव जुलैत टाकला होता तो बदलायचा राहिला. एक गृहस्थ मोबाइलवरचं पान दाखवत आले. अण्णांनी काही न बोलता त्याच भावाने गूळ दिला आणि नंतर मला म्हणाले, “आपण लिहिलंय, मग तोच आपला भाव.” तेव्हापासून कोरड्या मालाच्या भावापुढे तारीख असते आणि मी दर सोमवारी सकाळी दुकान उघडण्याआधी तो तपासतो. नारळापुढे आकडा लिहीतच नाही, ‘घ्याल त्या दिवसाचा भाव’ एवढंच लिहितो. त्यावर कुणी कुरकुर केली नाही.

दुसरी ठेच मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हती. साइट करून देणाऱ्या ओळखीच्या माणसाने तिचं नाव स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं होतं. वर्ष संपल्याची सूचना त्याच्याकडे गेली, त्याने ती बघितली नाही आणि जून २०२३मध्ये आमचं पान उघडेनासं झालं. मुदत उलटल्यावर नाव परत घ्यायला थोडेच दिवस मिळतात. ते हातचं गेलं असतं तर दुसऱ्या कुणीही घेतलं असतं, आणि पाकिटांवर, पिशव्यांवर छापलेला पत्ता वाया. गणपतीला अजून तीन महिने होते म्हणून निभावलं. आता नाव माझ्या ईमेलवर आहे, पैसे दुकानाच्या खात्यातून जातात आणि मुदतीची तारीख अण्णांच्या कॅलेंडरवर दिवाबत्तीच्या बाजूला लाल पेनाने लिहिलेली असते.

रोजचं गिऱ्हाईक वेबसाइट बघत नाही. समोरच्या आळीतल्या आजी अजूनही पिशवी आणि कागदाचा चिठोरा पाठवतात, त्यांची उधारी वहीतच आहे आणि तिथेच राहील. साइटवरून याद्या येतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि शिमग्याला थोड्या. त्या आल्या की आम्ही रात्री बांधून, नाव आणि गाव लिहून, पोटमाळ्यावर लावतो. आता खाली काहीच ठेवत नाही. माणूस पहाटेच्या गाडीने उतरतो, रिक्षा दुकानापुढे उभी करतो, पैसे देतो आणि बंद घर उघडायच्या आधीच त्याचा बाजार त्याच्या हातात असतो. डोंबिवलीच्या बाईंची यादी पहिल्याच वर्षी आली. पाठवणारा त्यांचा मुलगा होता.

परवा अण्णांनी मला पान वाचून दाखवायला सांगितलं. चष्मा काढून ऐकत होते. वाटाण्यांपाशी थांबवलं.

“रात्रभर भिजवायचे, हे लिहिलंस?”

“नाही.”

“मग लिही. मुंबईहून संध्याकाळी पोचतात आणि रात्रीच शिजवायला घेतात. शिजत नाहीत, मग आपल्या मालाला नावं ठेवतात.”