दोन नंबर, एक कार्ड, एकच ट्रे

«दोन नंबर चालू ठेवायचेत आणि मेमरी कार्डही हवंय. हायब्रिड स्लॉटचा फोन घेऊ, दोन सिमचा घेऊ, की ई-सिमवाला?»

कार्डासाठी वेगळी जागा असलेला ट्रे मिळाला, तर प्रश्नच मिटतो. दोन्ही सिमं नेहमीसारखी, कार्ड तिसऱ्या जागी. मात्र असे फोन आता मुख्यतः स्वस्त गटातच दिसतात. त्याच्या वर गेलात की हायब्रिड ट्रे येतो, म्हणजे दुसऱ्या जागेत सिम किंवा कार्ड, दोन्ही नाही. सिमची चिप सोलून कार्डावर चिकटवायची युक्ती लोक करतात, ती करू नका. गोंद सुटला की ट्रे आत अडकतो.

माझा आग्रह हायब्रिड ट्रे अधिक ई-सिम असलेल्या फोनचा आहे. साताऱ्याच्या मामींसाठी सॅमसंगचा ए55 घेतला तो म्हणूनच. एक नंबर बँकेचा, दुसरा भजनी मंडळाचा, शिवाय रेकॉर्डिंगं ठेवायला कार्ड. पहिल्या जागेत बँकेचं सिम घातलं, दुसऱ्या जागेत कार्ड, आणि मंडळाचा नंबर ई-सिमवर नेला.

उलट का नाही केलं? फोन बंद पडला तर साधं सिम काढून जुन्या फोनमध्ये घालता येतं, ओटीपी लगेच सुरू. ई-सिम नव्या फोनवर आणायला कंपनीकडे पुन्हा विनंती करावी लागते, आणि त्यासाठीचा ओटीपी बंद पडलेल्या फोनवरच येणार असला तर माणूस अडकतो. शिवाय आपल्याकडे सिम बदललं की त्या नंबरचे एसएमएस 24 तास बंद राहतात. तेवढ्या वेळात यूपीआय नव्याने जोडता येत नाही. मंडळाच्या नंबरचे एसएमएस एक दिवस बंद राहिले तर काही बिघडत नाही. बँकेच्या नंबरचं तसं नाही.

दुकानात दोन गोष्टी तपासा. फोनवर *#06# दाबा. आयएमईआयसोबत EID दिसला तर ई-सिमची सोय आहे. मग ट्रे बाहेर काढायला लावा. नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबू नका. ए55 मध्ये कार्ड बसतं, त्याच्याच पुढच्या ए56 मध्ये कार्डाची जागाच नाही. आयफोन आणि पिक्सेलमध्येही कार्ड बसत नाही.

तुमचे दोन्ही नंबर बँकांना जोडलेले असतील तर मात्र ई-सिमच्या मागे लागू नका. तीन जागांचा ट्रेच शोधा, कॅमेरा थोडा कमी चांगला मिळाला तरी चालेल.

आणि एक, हायब्रिड ट्रे ओढला की सिमबरोबर कार्डही बाहेर येतं. म्हणून सिम काढायचं असलं तरी आधी सेटिंग्जमध्ये जाऊन कार्ड अनमाउंट करा. रेकॉर्डिंग चालू असताना ट्रे ओढला तर ती फाइल बिघडू शकते.