आठ साते छप्पन्न, पण सात आठे किती?

तिसरीच्या वर्गात गेल्या वर्षी घडलेल्या एका छोट्या प्रसंगामुळे पाढे शिकवण्याची माझी पद्धत बदलली. एका मुलीने सातचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला, म्हणून मी तिला विचारले, "सात आठे किती?" ती पुन्हा "सात एके सात" पासून सुरू झाली, आठव्या पायरीवर पोहोचली आणि "छप्पन्न" म्हणाली. मग मी विचारले, "आणि आठ साते?" त्यावर तिने अगदी शांतपणे उत्तर दिले, "बाई, आठचा पाढा अजून पाठ नाही झाला."

तिच्या लेखी या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या, आणि मी तिला जे दिले होते त्यावरून तिने दुसरे काही समजावे अशी अपेक्षाही चुकीची होती. पाढा तिच्याजवळ कवितेसारखा होता, आणि कवितेची आठवी ओळ हवी असेल तर पहिल्यापासूनच म्हणावे लागते. तेव्हा मी सातचा पाढा बाजूला ठेवला आणि दोन, दहा आणि पाच या पाढ्यांपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी मात्र प्रत्येक पाढा आधी चौकटींच्या मांडणीत दिसेल आणि मग तोंडी येईल, असे ठरवले.

पहिल्या दिवशी मुलांना कोऱ्या कागदावर ठिपक्यांच्या ओळी काढायला सांगितल्या, ही माझी चूक होती. एका ओळीत पाच ठिपके, दुसरीत सहा, तिसरी ओळ तिरकी होत खाली उतरलेली. मोजणी दर वेळी निराळी येई आणि मांडणीचा मुख्य मुद्दा, म्हणजे प्रत्येक ओळ सारखीच असते, तोच हरवत असे. त्यानंतर मी चौकटींच्या वहीचा कागद वापरला आणि त्यातून पट्ट्या कापल्या. पाचच्या पाढ्यासाठी पाच चौकटींची पट्टी, आठसाठी आठ चौकटींची. एक नियमही ठरवून टाकला: पाढ्यात आधी म्हटली जाणारी संख्या म्हणजे पट्टीची लांबी आणि नंतर म्हटली जाणारी संख्या म्हणजे एकाखाली एक लावलेल्या पट्ट्या. "आठ त्रिक" म्हणजे आठ चौकटींच्या तीन पट्ट्या. पुस्तकांत कधी हा क्रम उलटा असतो, आणि उत्तरात त्याने काही फरक पडत नाही. पण सुरुवातीला एकच अर्थ पक्का केला नाही, तर मांडणी फिरवल्यावर नेमके काय बदलले हे मुलांना सांगता येत नाही.

आता पाढ्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक नवी पट्टी चिकटवणे झाले. पट्टीच्या उजव्या टोकाला मुले आतापर्यंतची बेरीज लिहीत: ८, १६, २४, ३२. हेच टप्प्याने मोजणे, फक्त कागदावर उतरलेले. तोंडी टप्प्याने मोजताना मुलाला दोन मोजण्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, एक बेरजेची आणि दुसरी किती टप्पे झाले याची, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. काही दिवसांनी मला चुकीच्या उत्तरावरूनच चूक कोठे झाली ते ओळखू येऊ लागले. आठ साते विचारल्यावर ४८ किंवा ६४ आले, तर मुलाची बेरीज बरोबर आहे, पण एक पट्टी कमी किंवा जास्त मोजली गेली आहे. उत्तर ५५ आले, तर पट्ट्या सातच आहेत, पण मधल्या एखाद्या टप्प्यात घसरण झाली आहे. बहुधा ३२ नंतर बोटांवर आठ मोजताना मुलाने ३२ लाच "एक" म्हटलेले असते. मग ३९, ४७, ५५ अशी पुढची सगळी माळ एकाने कमी येते. पहिल्या मुलाला टप्प्यांचा हिशेब ठेवायला शिकवावे लागते, दुसऱ्याला दशक ओलांडायला. २४ मध्ये आठ मिळवताना सहा देऊन ३० करायचे आणि उरलेले दोन पुढे टाकायचे, एवढे जमले की बोटांवर एकेक मोजणे आपोआप कमी झाले.

तरीही टप्प्याने मोजण्यात मुलाला शेवटी पहिल्या पायरीपासूनच यावे लागते. माझ्या वर्गातली मुले नुसते तेच करत राहिली असती, तर त्या मुलीची अडचण फक्त दुसऱ्या रूपात शिल्लक राहिली असती. म्हणून पुढचा टप्पा मांडणी तोडण्याचा ठेवला. आठच्या सात पट्ट्या एकाखाली एक चिकटवल्या आणि पाचव्या पट्टीखाली कागदाला घडी घातली. वरच्या भागात आठ पंचे चाळीस, खालच्या भागात आठ दुणे सोळा. दोन्ही मुलांना आधीपासून येत होते, बेरीज ५६. घडी उघडली की सातही पट्ट्या पुन्हा समोर, त्यामुळे काही वगळले गेले नाही याची खात्री डोळ्यांनी पटत होती.

याच ठिकाणी एक चूक झाली आणि ती मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. एका मुलाने पाचची युक्ती फारच मनावर घेतली. त्याने आठचे पाच आणि तीन केले, सातचे पाच आणि दोन केले, मग पाच पंचे पंचवीस आणि तीन दुणे सहा असे करून उत्तर ३१ लिहिले. त्याला नियम सांगून काही उपयोग झाला नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्याने दोन्ही संख्या व्यवस्थित तोडल्या होत्या. मी त्याला त्याचीच मांडणी दिली आणि म्हटले, "तू मोजलेल्या चौकटी रंगव." त्याने डावीकडे वर पाच ओळींत पाच-पाच चौकटी रंगवल्या, उजवीकडे खाली दोन ओळींत तीन-तीन रंगवल्या, आणि मग बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. उजवीकडे वर आणि डावीकडे खाली असे दोन कोरे तुकडे शिल्लक होते. त्याने ते स्वतः मोजले: पाच ओळींत तीन-तीन म्हणजे १५, दोन ओळींत पाच-पाच म्हणजे १०. पंचवीस, सहा, पंधरा आणि दहा मिळून ५६. मोठ्या वर्गात दोन अंकी संख्यांचा गुणाकार करताना हीच चूक पुन्हा भेटते, आणि तिथे ती दाखवायला समोर कागद नसतो. त्यानंतर मी वर्गात एवढेच ठेवले की, एका वेळी एकच बाजू तोडायची, म्हणजे घडी एकच घालायची.

मुले खरोखर रचना पाहतात की अजूनही चौकटी एकेक मोजतात, हे तपासायला मी मांडणीवर एक कोरा कागद ठेवत असे, अशा रीतीने की फक्त वरची एक ओळ आणि डावीकडचा एक उभा स्तंभ दिसावा. आठ साते विचारल्यावर काही मुलांनी १४ सांगितले, काहींनी १५. चौदा म्हणणाऱ्यांनी दिसणाऱ्या चौकटी मोजल्या होत्या. पंधरा म्हणणाऱ्यांनी आठ आणि सात यांची बेरीज केली होती, त्यामुळे कोपऱ्यातली चौकट दोनदा धरली गेली. दोन्ही उत्तरांतून एकच गोष्ट समजत होती, की झाकलेला भाग त्यांच्या मनात भरलेला नाही. मग मी कागद एकेक ओळ खाली सरकवत नेला आणि प्रत्येक ओळ उघडण्याआधी तिच्यात किती चौकटी असतील ते विचारले. दोन-तीन दिवसांत कागद न सरकवताही उत्तर येऊ लागले.

मांडणी फिरवण्याचे काम मात्र फार लवकर झाले. आठच्या सात पट्ट्यांचा कागद आडवा फिरवला की सातच्या आठ ओळी होतात आणि चौकटी त्याच राहतात. भिंतीवर आम्ही एक ते दहा पाढ्यांचा शंभर घरांचा तक्ता लावला होता. एक घर भरले की फिरवल्यावर मिळणारे घरही त्याच रंगाने भरायचे असे ठरले, तेव्हा शंभरपैकी वेगळी घरे ५५ च उरतात हे मुलांच्या लक्षात आले. त्यातले एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे आधीच भरलेले, म्हणजे नव्याने शिकायची घरे फक्त २१.

ती २१ घरे आम्ही जोडीजोडीने भरली. दोनच्या पाढ्याची दुप्पट म्हणजे चार आणि चारची दुप्पट म्हणजे आठ. तीनची दुप्पट म्हणजे सहा. नऊचा पाढा दहाच्या मांडणीतला शेवटचा स्तंभ झाकून केला. तिथे नऊ सक विचारल्यावर ६० मधून सहाऐवजी एकच वजा करून ५९ सांगणारी मुले निघाली. झाकलेल्या स्तंभात किती चौकटी आहेत एवढे विचारले की त्यांची चूक त्यांनाच दिसत असे.

यात वेळ गेला, हे मान्य केले पाहिजे. पाठांतरात मुलांनी जेवढ्या दिवसांत दोन पाढे म्हणून दाखवले असते, तेवढ्यात आमचा पाचचा एकच पाढा झाला होता. शिवाय मांडणी समजली म्हणून उत्तर झटकन येतेच असे नाही. घडी घालून ५६ काढणाऱ्या मुलाला ते पाहताक्षणी सांगता यावे यासाठी रोज पाच मिनिटे तोंडी सराव ठेवावाच लागला, फक्त प्रश्न क्रमाने न विचारता उलटसुलट विचारले, आणि अडलेल्या मुलाला पहिल्या पायरीकडे न पाठवता जवळच्या येणाऱ्या उत्तराकडे पाठवले. आठ साते अडले तर आठ पंचेपासून, नऊ आठे अडले तर दहा आठेपासून.

शेवटी सातच्या पाढ्याची पाळी आली, तेव्हा तक्त्यावर त्याची नऊ घरे इतर पाढ्यांनी आधीच भरून टाकली होती आणि सात साते हे एकच घर रिकामे होते. सुरुवातीच्या प्रसंगातली तीच मुलगी ते भरायला पुढे आली. तिने बेचाळीसमध्ये सात मिळवले, "एकोणपन्नास" म्हणाली आणि ५९ लिहिले. आपल्या भाषेतले हे नाव मुलांना नेहमीच चकवते. कानावर पन्नास पडते आणि हातून पाच लिहिले जातात. मी काही बोलण्याआधीच ती शेजारच्या घराकडे पाहू लागली. "सात आठे छप्पन्न आहे," ती म्हणाली, "आणि ह्यात एक ओळ कमी आहे. मग हे छप्पन्नपेक्षा जास्त कसे?" तिने पाच खोडला आणि तिथे चार लिहिला.