आमची वाटचाल: अ‍ॅडव्हान्स किती, उधारी किती

जळगावात फ्लेक्सच्या दुकानामागच्या खोलीत मी डिझाइनचं काम सुरू केलं. गिऱ्हाईक म्हणजे दालमिलवाले, केळीचे व्यापारी आणि नंदुरबारकडचे मिरची पावडरवाले. पाऊच, लेबल आणि खोकं ही आजही आमची मुख्य कामं आहेत.

सुरुवातीला सगळ्यांची एकच मागणी असायची. "छापून येऊ दे भो, मग सगळे एकदम घेऊन घे." ऐकायला बरं वाटतं, पण छपाई आपल्या हातात नसते. डिझाइन मंजूर होतं आणि मग एफएसएसएआयचा परवाना क्रमांक यायचा असतो, नाहीतर बारकोड, नाहीतर मालकांना छपाईच्या सिलिंडरचा खर्च नव्या हंगामावर ढकलायचा असतो. आपलं काम संपलेलं असतं आणि पैसे मात्र अडकून पडतात. म्हणून छपाईशी जोडलेला हप्ता आम्ही घेतच नाही.

समजा, तूरडाळीच्या पाऊचचं काम 40,000 रुपयांचं आहे. त्यात फोटोग्राफर 6,000, चित्रकार 5,000 आणि डमी पाऊच 3,000, म्हणजे 14,000 आमच्या खिशातून जातात. 30 टक्के अ‍ॅडव्हान्सचे 12,000 येतात, तेवढ्यात हा खर्चही निघत नाही. म्हणून 50 टक्के, म्हणजे 20,000 आधी घेतो. डिझाइन मंजूर झाल्यावर 12,000 आणि छपाईची ओपन फाइल देण्याआधी उरलेले 8,000. मंजुरीच लांबली तर? त्यासाठी कोटेशनमध्येच लिहिलेलं असतं: मंजुरी, किंवा डिझाइन पाठवल्यापासून 15 दिवस, यातलं जे आधी येईल ते. परवाना क्रमांकाची जागा फाइलमध्ये मोकळी ठेवतो, तो आला की फुकट भरून देतो.

पाइपच्या किंवा ठिबकच्या मोठ्या कंपन्यांपुढे मात्र हे चालत नाही. त्यांची पर्चेस ऑर्डरच 30 दिवसांची असते. तिथे मी दिवसांपेक्षा ते कुठून मोजायचे यावर भांडतो. अकाउंट्समध्ये बिल पास झाल्यापासून 30 दिवस आणि पेमेंट महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच, असं असेल तर 30 चे सहज 50 होतात. म्हणून ऑर्डरवर "बिलाच्या तारखेपासून" हेच शब्द लिहून घ्यायचे.

आमची उद्यम नोंदणी आहे आणि तिचा क्रमांक बिलावर छापतो. लहान उद्योगांसाठी असलेल्या एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे जात नाही, आणि करार नसेल तर 15 दिवसच. मुदत चुकली तर तो खर्च कंपनीला आयकरात प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येतो. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंटंटसाहेब स्वतःहून फोन करतात. ही गंमत फक्त मार्चची. जुलैत तोच नंबर उचलला जात नाही.

60 दिवस मागणाऱ्याला मी कायदा ऐकवत बसत नाही. अ‍ॅडव्हान्स 25 टक्के द्या आणि उरलेल्याला 45 दिवस घ्या, एवढंच सांगतो.