कोड देते, पण आधी एक विचारू?

"तुमचा तो घरसफाईचा कोड अजून चालतो का? आणि खरं सांगा, त्यात तुम्हाला किती सुटतात?"

चालतो. सुटतात दोनशे, पण हातात नाही. अ‍ॅपमध्ये क्रेडिट म्हणून जमा होतात, बँकेत वळते करता येत नाहीत. ९९९ किंवा त्याहून जास्त रकमेच्या बुकिंगवरच चालतात आणि ६० दिवसांनी आपोआप उडतात. म्हणजे दोनशे वाचवायचे तर पदरचे निदान ७९९ घालायचे. मी कमिशन खाते म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

तरी सोसायटीच्या ग्रुपवर "दोघांनाही २०० रुपये! दिवाळीआधी स्वयंपाकघर लख्ख!" असं मीच टाकलं होतं. खालच्या अटी वाचल्या होत्या का? वरवर.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चिमणीसकट स्वयंपाकघराची सफाई ठरवली. बिल १,७९९. कोड लागला असता तर १,५९९ झालं असतं. पैसे भरायच्या आधीच्या चौकटीत त्यांनी कोड बरोबर टाकला, तर खाली 'लागू नाही' असं आलं. त्यांनी मला फोन केला. मी फोडणी देत होते. म्हटलं, "भरून टाका काकू, नंतर जमा होईल." असं काही नसतं. सवलत त्याच पडद्यावर बिलातून वजा झाली तर झाली, मागाहून येत नाही. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही एवढं म्हणायलाही सुचलं नाही.

कारण नंतर कळलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने त्यांच्याच नंबरवरून बाथरूमची सफाई मागवली होती. कोड फक्त नव्या ग्राहकाला, आणि अ‍ॅपच्या लेखी ग्राहक म्हणजे नंबर. काकू जुन्या ठरल्या.

चार दिवसांनी लिफ्टपाशी, चारचौघांत त्या म्हणाल्या, "तुझे दोनशे आले ना, मग झालं." माझेही आले नव्हते. कोडच न लागल्यावर मला कोण देणार? मी फोन पुढे केला. त्यांच्याकडे चष्मा नव्हता. संध्याकाळी दोनशे रुपये पाकिटात घालून गेले, तर "गरज नाही गं," म्हणून दार लोटलं. त्या दिवाळीत त्यांच्या चकल्या आल्या नाहीत.

मी फसवलं नव्हतं. पण 'भरून टाका' मीच म्हटलं होतं, आणि त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता कोड मागितला की आधी विचारते, या नंबरवरून घरातल्या कुणी कधी बुकिंग केलंय का? कोड टाकल्यावर रक्कम कमी दिसली नाही तर पैसे भरू नका, एवढंही सांगते. माझं क्रेडिट तुमचं काम पूर्ण झाल्यावरच येतं. बुकिंग रद्द केलंत तर मला काहीच नाही, तेव्हा माझ्या भिडेखातर माणूस बोलावू नका.

गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूंना कोड दिला आणि सगळं सुरळीत झालं. दोनशे आले. संपायला १४ दिवस उरलेत, आणि बाथरूम मी परवाच स्वतः घासलंय.