केनियाच्या प्रोजेक्टला कंट्री रिस्क प्रीमियम कसा लावला, माझा अनुभव

फेब्रुवारी २०२४ मधे आमच्या कंपनीचं नैरोबीजवळ पॅकेजिंग प्लांट टाकायचं चाललं होतं आणि कॉस्ट ऑफ इक्विटी, म्हणजे शेअरहोल्डरला किमान किती टक्के परतावा हवा, ते काढायचं काम माझ्याकडे आलं. सगळं डॉलरमधे धरायचं ठरवलं, अमेरिकन सरकारचा बाँड म्हणजे ट्रेझरी साधारण ४.२ टक्के, बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो तो बीटा १.१, आणि अमेरिकेसारख्या मार्केटचा इक्विटी प्रीमियम, म्हणजे ट्रेझरीपेक्षा शेअरमधे मिळायला हवा तो जादा परतावा, ५ धरला, म्हणजे ४.२ अधिक १.१ गुणिले ५, ९.७ टक्के झाले. आता त्यावर केनियाच्या जादा रिस्कसाठी किती चढवायचे, म्हणजे कंट्री रिस्क प्रीमियम किती, हा खरा प्रश्न.

टीममधला एकजण म्हणाला, "अरे केनिया सरकारचा नवा शिलिंगमधला बाँड १८.४६ टक्के देतोय, त्यातून ४.२ वजा कर, झालं काम." पण ते चालत नाही, कारण त्या साडेअठरामधे शिलिंगची महागाई आणि घसरण पण धरलेली असते, सरकार पैसे बुडवेल ही भीती त्यातला फक्त एक भाग. स्प्रेड, म्हणजे दोन बाँडच्या परताव्यातला फरक, काढताना दोन्ही बाजू एकाच चलनातल्या आणि साधारण सारख्या मुदतीच्याच पाहिजेत. त्याच महिन्यात केनियाने परदेशात विकायचा १.५ अब्ज डॉलरचा बाँड, म्हणजे युरोबाँड, काढला होता, २०३१ पर्यंतचा, यील्ड म्हणजे वार्षिक परतावा १०.३७५ टक्के. सात वर्षांची ट्रेझरी पण ४.२ च्या आसपासच होती, म्हणून स्प्रेड आला ६.२. जून २०२४ ला फेडायचा जुना २ अब्जांचा बाँड मी मुद्दाम घेतला नाही, त्याच्या यील्डमधे पुढच्या चार महिन्यांत पैसे मिळतात की नाही एवढीच धाकधूक होती आणि आपला प्लांट तर दहा वर्षं चालायचाय.

पण ६.२ ही बाँडवाल्याची रिस्क, शेअरहोल्डरचा नंबर त्याच्या मागे लागतो. म्हणून शेअर बाजाराची चढउतार भागिले बाँडची चढउतार असा रेशो काढून स्प्रेडला गुणतात. नैरोबीत बरेचसे शेअर रोज फारसे ट्रेडच होत नाहीत, भाव जागचा हलत नाही आणि रिस्क आहे त्यापेक्षा कमी दिसते, त्यामुळे तिथला रेशो न वापरता इमर्जिंग मार्केटसाठी मिळून १.३ धरला. ६.२ गुणिले १.३ म्हणजे ८.१, एकूण १७.८ टक्के.

मग सरांनी शीट उघडली आणि विचारलं, "ही विक्रीत 'राजकीय रिस्क' म्हणून १५ टक्के कपात कशाला? तीच रिस्क रेटमधे आलीये ना?" बरोबर होतं त्यांचं. सेल्सवाल्यांनी ती सरसकट कापली होती, एकाच रिस्कची दोनदा वसुली होत होती, ती ओळ काढली. ऑगस्ट २०२७ च्या निवडणुकीच्या वेळी डिलिव्हरी अडकून विक्री घटेल हा अंदाज मात्र ठेवला, कारण तो अपेक्षित कॅश फ्लोचाच भाग आहे, रेट वाढवून त्याची भरपाई होत नाही.

शेवटी बँकेला शिलिंगमधला आकडा हवा होता. केनियाची महागाई ६ आणि अमेरिकेची २.५ धरून १.१७८ ला १.०६ ने गुणलं, १.०२५ ने भागलं, आले २१.८ टक्के, आणि शिलिंगमधल्या कॅश फ्लोला तोच रेट लावून शीट पाठवली.