सर, सुट्टी पाहिजे होती

दुपारचे तीन, बाहेर ऊन मी म्हणतंय, लाईट गेलेली, आणि मी आपली स्वतःचाच व्हॉईस मेसेज ऐकत बसलेली. सरांना पाठवला होता. ब्ल्यू टिक येऊन बराच वेळ झाला तरी उत्तर नाही, म्हणून म्हटलं बघू तरी आपण काय बोललो ते. बघते तर दोन मिनिटं वीस सेकंद! शुक्रवारच्या एका सुट्टीसाठी.

पहिलं वाक्य चांगलं होतं हो. "सर, शुक्रवारी सुट्टी पाहिजे होती, आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय." संपलं की. पण नाही, पुढे म्हणजे काय झालंय सर, बहीण येणार होती पण तिच्या पोराची परीक्षा निघाली, आणि आई एकटी रिक्षात बसत नाही, आणि पेंडिंग काम मी शनिवारी येऊन करते, आणि अगदीच जमत नसेल तर हाफ डे पण चालेल, आणि नाहीच तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट मिळते का बघते. म्हणजे सरांनी तोंड उघडायच्या आधीच मी माझी सुट्टी कापत कापत रद्द करून टाकली. शेवटी त्यांचं उत्तर आलं, "नक्की काय ठरलं? हाफ डे ना?"

परत परत ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात आली. "न्यायचंय" म्हणताना आवाज खाली यायला पाहिजे होता, तो वरच लटकत राहिला. समोरासमोर बोलताना पण माझं हेच होतं. आवाज वर राहिला की ऐकणाऱ्याला वाटतं अजून काहीतरी यायचंय, मग तो बिचारा थांबतो, आणि तो गप्प बसला की मला वाटतं याला पटलं नाही, की मी अजून एक कारण जोडते. २००९ साली दहा भाषांतल्या गप्पा तपासून निघालेला एक अभ्यास आहे, त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग गेला होता. एवढीशी फट! त्यामुळे समोरचा एक सेकंद जरी थांबला तरी घाबरलेल्या माणसाला तो नकारच वाटतो. आणि प्रत्येक जास्तीच्या कारणाला एक नवा प्रश्न चिकटतो हे वेगळंच. बहिणीचा विषय मी काढला नसता तर "मग भाऊजी नाही का नेणार" असं कोण कशाला विचारेल?

बाबा मागावर होते. सोलापूरच्या पूर्व भागात कारखाना, चादरींचा. शाळा सुटली की डबा घेऊन मी जायची. आत गेलं की खटखटखटखट, स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही, दिव्याभोवती सुताची धूळ उडत असायची आणि बाबांच्या भुवयांवर पांढरं बसलेलं. एकदा गड्ड्याच्या यात्रेला पैसे मागायचे होते. मी मनाशी सगळं रचून गेलेली, मैत्रिणी चालल्यात, होम मैदानावर या वर्षी पाळणा मोठा आलाय, मागच्या वर्षी ताप होता म्हणून जायला मिळालं नाही, सगळं. बोलायला लागले तर बाबांनी कानामागे हात धरला आणि ओरडले, "किती?" मी ओरडले, "वीस!" खिशातून काढून दिले. एक हात मागावरच. त्या कारखान्यात सगळेच असं बोलायचे, नाव, आकडा, हो, नाही, बाकीचं हाताने. पाल्हाळ तिथं परवडतच नव्हतं.

तर आता मी काय करते, बोलायच्या आधी शेवटचं क्रियापद ठरवून टाकते. कारणं नाही ठरवत, फक्त क्रियापद. पाहिजे, जमणार नाही, उद्या देते. मराठीत ते बहुतेक वेळा शेवटी येतं ही मोठी सोय आहे, तिथं पोचलं की ब्रेक. आवाज खाली आणायचा आणि ओठ मिटायचे, अक्षरशः मिटायचे, कारण तोंड उघडं राहिलं की "म्हणजे" बाहेर पडतंच. श्वास पण तिथंच घ्यायचा. मी आधी श्वास वाक्याच्या मधेच कुठंतरी घ्यायची आणि वाक्य संपलं की न थांबता पुढच्यात घुसायची, त्यामुळे समोरच्याला शिरायला जागाच नसायची. कारण एकच द्यायचं, दुसरं त्याने विचारलं तर.

सरांना परत लिहिलं, "पूर्ण दिवस पाहिजे सर." "ओके" आलं.

ऑफिसात हे चालतंय. घरात अवघड आहे. परवा आत्याचा फोन, रविवारी जेवायला ये म्हणून. मी म्हटलं, "आत्या, या रविवारी जमणार नाही, पुढच्या रविवारी येते." आणि ओठ मिटले. तिकडे शांतता. मग म्हणते, "का गं, काय झालं? चिडलीस का माझ्यावर?"

मग काय, अर्धा तास बोलले.