टाइल भोक पाडताना नाही, स्क्रू आवळताना तडकली

रीडिंगच्या या घरात राहायला आलो तेव्हा बाथरूममध्ये टॉवेल अडकवायला जागाच नव्हती. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर लागला की ओला टॉवेल बाहेर टाकून वाळत नाही. तो घरातच, मोकळा पसरून टांगावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. म्हणून साठ सेंटिमीटरचा टॉवेल रॉड आणला आणि शनिवारी सकाळी ड्रिल हातात घेतलं.

चारही भोकं व्यवस्थित पडली. एकाही टाइलचा टवका उडाला नाही. प्लग बसवले, रॉडच्या पट्ट्या लावल्या आणि ड्रिलनेच स्क्रू आवळायला घेतले. शेवटच्या स्क्रूचा शेवटचा अर्धा फेरा चालू असताना 'टच' असा बारीक आवाज आला. भोकापासून टाइलच्या कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली होती.

तोपर्यंत माझी समजूत अशी की टाइल तडकते ती भोक पाडताना. ही तर भोक पाडून झाल्यावर, नुसत्या आवळण्याने तडकली. शेजारचे आजोबा चाळीस वर्षं टाइल्स लावायचं काम करत होते. त्यांनी येऊन भिंतीवर बोटाच्या पेराने इकडेतिकडे टकटक केली आणि म्हणाले, "ऐक, इथे पोकळ, इथे भरीव. तुझ्या टाइलच्या मागे हवा आहे."

आमचं घर नव्वदच्या दशकातलं. त्या काळातल्या बऱ्याच घरांत विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नसतो. जिप्समचे साडेबारा मिलिमीटर जाडीचे बोर्ड चिकट मसाल्याचे गोळे लावून भिंतीवर दाबून बसवलेले असतात आणि टाइल त्या बोर्डावर असते. जिथे गोळा नाही तिथे बोर्ड आणि ब्लॉक यांच्यात एक-दोन सेंटिमीटरची पोकळी राहते. माझा लांब स्क्रू मागच्या ब्लॉकमधला प्लग पकडून बसला होता. तो आवळताना रॉडची पट्टी टाइलला आत दाबत होती, आणि बोर्डाला मागून आधार नव्हता. बोर्ड किंचित वाकतो, टाइल वाकत नाही, म्हणून ती तडकते.

भोक पाडताना लक्ष असतं तर हे आधीच कळलं असतं. टाइल आणि बोर्ड पार झाल्यावर बिट एकदम पुढे घसरतं आणि थोड्या अंतरावर पुन्हा काहीतरी कठीण लागतं. भुकटीही बदलते, आधी जिप्समची पांढरी मऊ पावडर येते आणि मग ब्लॉकची करडी किंवा विटेची लाल.

पोटमाळ्यावर आधीच्या मालकाने चार जादा टाइल्स ठेवलेल्या सापडल्या. तडकलेली टाइल काढताना तिच्या तुकड्याची कड नीट पाहिली. वर चकचकीत झिलईचा पातळ थर, खाली खडूसारखं मऊ, तांबूस अंग. म्हणजे साधी सिरॅमिक टाइल. तिला भाल्यासारख्या टोकाचं टाइल बिट पुरतं. तुकड्याची कड आरपार एकाच रंगाची, दगडासारखी घट्ट असेल तर ती पोर्सिलेन किंवा व्हिट्रिफाइड. तिच्यावर ते बिट नुसतं तापतं आणि बोथट होतं. तिथे कडेला हिऱ्याची भुकटी लावलेलं पोकळ बिट आणि पाणी लागतंच.

नवीन टाइल चिकटवून, ग्राउट वाळल्यावर मी पुन्हा सुरुवात केली. रॉडची उंची थोडी खाली घेतली, म्हणजे चारही भोकं सांध्यांपासून निदान तीन सेंटिमीटर आत, टाइलच्या पोटात आली. सांध्यातच भोक पाडलं की टाइल वाचते असं अनेकजण सांगतात. पण दोन-तीन मिलिमीटरच्या सांध्यात त्याहून जाड बिट घातलं तर ते दोन्ही टाइल्सच्या कडा खातं, आणि टाइल कडेलाच सर्वांत नाजूक असते. शॉवरच्या नळाच्या सरळ वर आणि सरळ खाली, तसंच स्विचच्या उभ्या-आडव्या रेषेत मी भोक पाडतच नाही, कारण पाइप आणि वायर बहुधा तिथूनच जातात.

खुणेवर मास्किंग टेप लावली, ड्रिलचा हॅमर बंद केला आणि गती अगदी कमी ठेवली. झिलईचा थर जाईपर्यंत हात हलका ठेवायचा, तेवढ्यापुरतीच घाई टाळली तरी टवका उडत नाही. मध्येमध्ये थांबून स्पंजने पाणी लावत गेले. टाइल पार झाली की बिट बदलायचं आणि पुढचं भोक ब्लॉकच्या बिटने पाडायचं. त्या बिटचा टाइलला स्पर्श होऊ नये म्हणून टाइलचं भोक एक माप मोठं ठेवते.

खरा फरक पडला तो प्लगने. अशा भिंतींसाठी पोलादी नळी असलेले लांब प्लग मिळतात. नळीचं एक टोक मागच्या ब्लॉकमध्ये टेकतं आणि दुसरं टाइलच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतं. मग स्क्रू आवळला की पट्टीचा दाब नळीवर जातो, टाइलवर नाही. भोकात थोडं सिलिकॉन भरलं म्हणजे पाणी बोर्डात उतरत नाही. आणि शेवटचे फेरे हाताने, साध्या स्क्रूड्रायव्हरने दिले. पट्टी हलायची थांबली की मीही थांबले.

हे सगळं मागच्या आठवड्यात सांगलीच्या वहिनीला फोनवर सांगत होते, कारण तिच्या नव्या फ्लॅटमध्ये रॉड लावायचे आहेत. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे कुठे बोर्ड? विटांचीच भिंत आहे." खरं आहे, पण तिला म्हटलं, आधी नाण्याने टाइल वाजवून बघ. गवंड्याने मसाला मधोमध थापून टाइल दाबली असेल तर कोपरे पोकळ राहतात, आणि पोकळ वाजणाऱ्या कोपऱ्यात भोक पाडलं तर तेच होतं जे माझं झालं. विटेच्या भिंतीत आणखी एक गोष्ट सांभाळायची. प्लग टाइलच्या जाडीच्या आत, पार विटेत ढकलायचा. त्याचं तोंड टाइलमध्येच राहिलं तर स्क्रू शिरताना तो टाइलमध्ये फुगतो आणि तिला आतून फोडतो. आपले कारागीर ज्याला रावल प्लग म्हणतात, ते नावही इंग्लंडमधूनच आलं आहे. जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराने 1910च्या सुमारास ब्रिटिश म्युझियमच्या भिंती खराब न करता विजेचं सामान बसवण्यासाठी तो प्लग शोधला.

वहिनीला शेल्फही हवं आहे. तिला पुढे कमी येणारं, दहा-बारा सेंटिमीटरचंच घे म्हटलं. शाम्पूच्या बाटल्या पुढच्या कडेला ठेवल्या की शेल्फ तरफेसारखं काम करतं आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. शेल्फ जितकं खोल, तितकी ती ओढ जास्त. म्हणून वरची भोकं नक्की भरीव जागीच हवीत. रॉडच्या बाबतीत ओल्या टॉवेलचं वजन फारसं नसतं, पण पाय घसरला की माणूस तोच पकडतो आणि तो त्यासाठी बनलेला नसतो. सासूबाई राहायला आल्या तेव्हा आम्ही आधाराचा दांडा वेगळा, माणूस बोलावून बसवून घेतला.

हूकसाठी मात्र मी आता भोक पाडतच नाही. गुळगुळीत टाइलवर चिकटणारे हूक गाऊन आणि नॅपकिनला पुरतात. टाइल स्पिरिटने पुसून कोरडी करायची, हूक सांध्यावर न येता पूर्णपणे एकाच टाइलवर लावायचा आणि चोवीस तास त्यावर काहीही टांगायचं नाही. आमचे तीन हूक शॉवरच्या समोरच्या भिंतीवर दोन हिवाळे टिकून आहेत. चौथा लावला त्याच संध्याकाळी आम्ही त्यावर ओला गाऊन टांगला होता, तो रात्रीतच पडला.